स्विच उघडल्यावर सर्किटमध्ये काय घडतं? RLC चं कोडं आणि एका वजा चिन्हाची गोष्ट

रेझिस्टर, कॉइल (म्हणजे इंडक्टर) आणि कॅपॅसिटर समांतर जोडले आहेत. बॅटरी काढून घेतली आहे. पण कॅपॅसिटरवर थोडं व्होल्टेज शिल्लक आहे आणि कॉइलमधून थोडा करंट अजून वाहतोय. आता बाहेरून काहीच मिळणार नाही. या साठलेल्या शिदोरीवर सर्किट जे वागतं, त्याला नैसर्गिक प्रतिसाद म्हणतात. तिन्ही भाग समांतर असल्याने तिघांवर व्होल्टेज एकच असतं, म्हणून त्या एका v(t) चं सूत्र सापडलं की काम झालं.

एक उदाहरण घेऊ. R = 125 Ω, L = 40 mH, C = 1 µF. सुरुवातीला कॅपॅसिटरवर V₀ = 10 V आणि कॉइलमधून वरून खाली I₀ = 20 mA.

आधी दोन आकडे काढायचे. ऊर्जा किती झपाट्याने विरते ते α सांगतो, आणि विरणं नसतंच तर झोके किती वेगाने झाले असते ते ω₀ सांगतो.

```
α  = 1/(2RC)  = 4000 प्रति सेकंद
ω₀ = 1/√(LC)  = 5000 रेडियन प्रति सेकंद
```

इथे α लहान आहे, म्हणजे व्होल्टेज झोके घेत घेत विझेल. झोक्याचा खरा वेग √(5000² − 4000²) = 3000. सूत्राचा साचा असा:

```
v(t) = e^(−4000t) · (B₁ cos 3000t + B₂ sin 3000t)
```

B₁ फुकटात मिळतो. t = 0 ठेवलं की साइन शून्य होतो आणि उरतो B₁ = 10.

B₂ साठी सुरुवातीचा उतार, म्हणजे dv/dt, लागतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. कॉइलचा करंट दिलाय म्हणून तेवढाच धरला जातो. रेझिस्टर विसरला जातो. पण त्याच्यावरही त्या क्षणी 10 V आहेत, म्हणजे त्याच्यातून 10/125 = 80 mA वाहतो. कॉइलचे 20 आणि रेझिस्टरचे 80, असे एकूण 100 mA खाली जातायत. बाहेरून कोणी देत नाही, मग ते देणार कोण? कॅपॅसिटरच. त्याच्यातून करंट बाहेर पडतोय, म्हणून व्होल्टेज घसरणार, म्हणून वजा चिन्ह:

```
dv/dt (t = 0) = −(0.08 + 0.02)/10⁻⁶ = −100000 V/s
```

साच्यातून हाच उतार −4000·B₁ + 3000·B₂ असा येतो. म्हणजे −40000 + 3000·B₂ = −100000, आणि B₂ = −20.

```
v(t) = e^(−4000t) · (10 cos 3000t − 20 sin 3000t) व्होल्ट
```

रेझिस्टर विसरला असता तर B₂ सुमारे +6.67 आला असता. दिसायला बिनचूक, पण साफ चुकलेलं उत्तर. कॉइलच्या करंटची दिशा उलट धरली तरी तसंच: B₂ सुमारे −6.67. म्हणून बाणाची दिशा आधी कागदावर काढणं बरं.

हे सूत्र सांगतं काय? साधारण 155 मायक्रोसेकंदांत व्होल्टेज शून्यावर येतं, पण तिथे थांबत नाही. 369 मायक्रोसेकंदांच्या आसपास ते −3.07 V पर्यंत खाली जातं. मग परत वर, पण पुढचं शिखर जेमतेम 0.05 V चं. डोळ्यांना एकच झोका दिसेल, कारण α आणि ω₀ फार लांब नाहीत.

उत्तर तपासायची एक झकास युक्ती आहे: ऊर्जेचा हिशेब. सुरुवातीला कॅपॅसिटरमध्ये ½CV₀² = 50 µJ आणि कॉइलमध्ये ½LI₀² = 8 µJ, एकूण 58 µJ. ही सगळी शेवटी रेझिस्टरमध्येच उष्णता होऊन संपायला हवी. वरच्या सूत्रातून v²/R चं शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रल काढलं तर येतात बरोबर 58 µJ. रेझिस्टर विसरून आलेल्या B₂ ने हा हिशेब जुळत नाही; करंटची दिशा उलट धरल्याची चूक मात्र यात पकडली जात नाही.

एक गंमत मात्र लक्षात ठेवावी. समांतर जोडणीत R वाढवला तर विरणं कमी होतं, कारण रेझिस्टरमधून करंट कमी जातो. एकसर (सीरिज) जोडणीत नेमकं उलटं. या उदाहरणात R = 100 Ω केला तर α = ω₀ होतो आणि झोके थांबतात; त्याखाली गेलं तर साइन-कोसाइनचा साचाच चालत नाही, दोन वेगवेगळे एक्स्पोनेन्शियल घ्यावे लागतात. आणि प्रत्यक्षात टेबलावर मोजलं तर झोका बहुधा थोडा लवकर विझेल: कॉइलच्या तारेलाही स्वतःचा रोध असतो, आणि तो या आकृतीत धरलेलाच नाही.