फोटोत दिसते तेवढीच दाढी

अब्राहम लिंकन ६ नोव्हेंबर १८६० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा लोकांच्या हाती असलेल्या त्यांच्या प्रत्येक छायाचित्रात चेहरा तुळतुळीत होता. निवडणुकीच्या तोंडावर, १५ ऑक्टोबरला, न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावच्या ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीने त्यांना पत्र लिहून दाढी वाढवण्याची सूचना केली होती. १९ ऑक्टोबरला त्यांनी उत्तर पाठवले, पण त्यात शब्द दिला नाही. दाढी मात्र वाढू लागली. मग चित्रे छापून विकणाऱ्यांपुढे अडचण उभी राहिली. नव्या अध्यक्षांच्या तसबिरींना मोठी मागणी होती, हाताशी असलेले ठसे मात्र बिनदाढीचे होते. त्यांतल्या अनेकांनी जुन्याच ठशांवर दाढी कोरून चित्रे बाजारात आणली. खरी दाढी कुठून सुरू होते, कुठे थांबते, ओठांवर मिशी आहे की नाही, हे त्यांतल्या कित्येकांनी पाहिलेलेच नव्हते. ‘लिंकनना दाढी आहे’ एवढी बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती आणि बाकीचे केस कल्पनेने उगवले.

त्या बातमीत खोटे काही नव्हते, तरी चित्रे चुकली. संग्रहालयातल्या फोटोची नोंद असो, हरवलेल्या माणसाचे वर्णन असो किंवा चित्रकाराला दिलेली माहिती असो, चेहऱ्यावरच्या केसांचे वर्णन बहुधा याच जागी घसरते. ‘दाढी आहे’ किंवा ‘दाढी नाही’ असा एकच शेरा मारला की वाचणारा उरलेली जागा स्वतःच भरतो. माझे म्हणणे असे की असे वर्णन चेहऱ्याचा एकेक भाग घेऊन करावे, आणि प्रत्येक भागाबद्दल ‘केस आहेत’, ‘केस नाहीत’ आणि ‘या फोटोवरून सांगता येत नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. यातली तिसरी गोष्ट सर्वांत जास्त गाळली जाते. ती गाळली की कधी असलेले केस हरवतात, तर कधी नसलेले उगवतात.

दाढीसह लिंकन दिसतात असे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र २५ नोव्हेंबर १८६० चे आहे. ते शिकागोत सॅम्युएल आल्टशुलर या छायाचित्रकाराने काढले. याच आल्टशुलरने एप्रिल १८५८ मध्ये अर्बाना गावी लिंकन यांचा बिनदाढीचा फोटो काढला होता, त्यामुळे एकाच माणसाच्या एकाच चेहऱ्याची तुलना आयती मिळते. १८६० च्या फोटोत हनुवटीवर केस ठळक आहेत, जबड्याच्या कडेने वर जाताना ते विरळ होतात आणि वरचा ओठ साफ आहे. आता कालगणना तपासू. दाढीचा केस रोज साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो. ग्रेसला उत्तर दिल्यावर लगेच वस्तरा थांबवला असे धरले, तर २५ नोव्हेंबरपर्यंत केस सेंटिमीटरभराहून थोडे लांब झाले असते. निवडणुकीनंतर थांबवला असे धरले, तर जेमतेम पाऊण सेंटिमीटर. दोन्ही हिशेबांनी ती भरघोस दाढी ठरत नाही. पुढे १३ जानेवारी आणि ९ फेब्रुवारी १८६१ रोजी स्प्रिंगफील्डमध्ये क्रिस्टोफर जर्मन यांनी काढलेल्या फोटोंत ती भरत गेलेली दिसते, ओठ मात्र तिथेही साफच आहे. म्हणजे ‘लिंकनची दाढी’ अशी एकच वस्तू नाही. ती तारखेगणिक बदलते. फेब्रुवारीची दाढी नोव्हेंबरच्या फोटोच्या वर्णनात लिहिणारा तेच करतो जे ठसे कोरणाऱ्यांनी केले.

म्हणूनच केसांच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्यात. पहिली गोष्ट व्याप्ती: वरचा ओठ, खालच्या ओठाखालचा भाग, हनुवटी, जबडा, गाल, कल्ले, गळा, यांतल्या कुठे कुठे केस आहेत. दुसरी दाटी: केसांमधून कातडी किती दिसते. तिसरी लांबी. या तिन्ही स्वतंत्र असतात. लांब पण विरळ दाढी असते, तशी आखूड पण गच्च दाढीही असते. नुकत्याच मिसरूड फुटलेल्या मुलाच्या ओठांवर केस असतात, पण त्यांतून कातडी सगळी दिसते. ‘मिशी’ म्हटले तर चित्रात प्रौढ माणूस उभा राहतो आणि ‘मिशी नाही’ म्हटले तर त्याच्या वयाची खूणच पुसली जाते. दाटीसाठी टक्केवारी देण्याचा मोह टाळावा, कारण डोळ्याने टक्के मोजता येत नाहीत. ‘कातडी सर्वत्र दिसते’, ‘मधूनमधून दिसते’, ‘अजिबात दिसत नाही’ एवढ्या तीन पायऱ्यांवर दोन माणसांचे एकमत होऊ शकते, आणि वर्णनाला तेवढे पुरते.

खरी कसोटी लागते ती खुंटांच्या वेळी. दाढीचा केस सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि माणसाचा चेहरा ढोबळमानाने १५ सेंटिमीटर रुंद. फोटोत चेहऱ्याच्या रुंदीला ३०० पिक्सेल मिळाले असतील, तर एका पिक्सेलमध्ये अर्धा मिलिमीटर मावतो. एका दिवसाचा खुंट त्याहूनही आखूड, म्हणजे एकेक केस तिथे दिसणे शक्यच नाही. दिसेल तो फक्त रंगातला फरक, किंचित काळपट-निळसर झाक. तशीच झाक हनुवटीखालच्या सावलीचीही असते. मग दोन्ही वेगळ्या ओळखायच्या कशा? सावली उजेडाचे ऐकते आणि खुंट चेहऱ्याचे. उजेड डावीकडून असेल तर सावली उजवीकडे पडते. खुंट दोन्ही गालांवर जवळपास सारखे असतात, गालावर एका ठरावीक रेषेशी थांबतात आणि ती रेषा नाक किंवा गालफाड यांच्या सावलीशी जुळत नाही. झाक एकाच बाजूला असेल, तर ‘खुंट’ लिहिण्याआधी उजेड कुठून येतो ते शोधावे.

याच्या उलट चूक मोबाइलच्या फोटोंत होते. अनेक फोन चेहरा आपोआप नितळ करतात, आणि फोटो आकुंचित करून पाठवताना बारीक पोत आधी जातो. अशा फोटोत गाल गुळगुळीत दिसला म्हणून ‘दाढी घोटलेली’ असे लिहिणे धोक्याचे. त्यावर साधी तपासणी आहे: कपाळ आणि भुवया पाहाव्यात. भुवयांचे सुटे केस दिसत असतील आणि कपाळाच्या कातडीला पोत असेल, तर गालाचा गुळगुळीतपणा पुरावा म्हणून धरता येतो. भुवया रंगाच्या पट्ट्यासारख्या दिसत असतील आणि कपाळ मेणासारखे असेल, तर त्या फोटोला खुंटांबद्दल साक्ष देण्याचा अधिकारच नाही. फोटो कृत्रिमरीत्या धारदार केलेला असेल, तर घोटलेल्या गालावरची रोमरंध्रेही काळ्या ठिपक्यांसारखी उठतात. तिथेही कपाळच सांगते: तसेच ठिपके कपाळावर असतील तर ते केस नव्हेत.

जुन्या फोटोंत आणखी एक फसगत आहे आणि तिची खूण मराठी घराघरांत टांगलेली आहे. पणजीच्या जुन्या फोटोत कुंकू काळेभोर दिसते. लिंकनच्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या काचांना निळा प्रकाश तेवढा जाणवे. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना हिरवाही जाणवू लागला, पण तांबडा नाही. म्हणून तांबडे ते सारे काळे उतरले. उन्हाने रापलेला गाल गडद उतरतो आणि दाढीची झाक असल्याचा भास होतो. मेंदी लावलेली नारिंगी दाढी काळी कुळकुळीत दिसते. अशा फोटोवरून दाढीचा आकार सांगता येतो, रंग सांगता येत नाही. शिवाय स्टुडिओतले कारागीर काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहरे साफ करत, त्यात खुंट सहज जात. म्हणून जुन्या फोटोतला नितळ गाल हा वस्तऱ्याचा पुरावा असतोच असे नाही. तो पेन्सिलीचाही असू शकतो.

कॅमेरा केस शोधून काढतो, असेही घडते. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत केनेडी आणि निक्सन यांची पहिली दूरचित्रवाणी चर्चा झाली. निक्सन यांची कातडी फिकी आणि केस काळे. दाढी केली तरी कातडीखालची मुळे गडद दिसत. ती झाकायला त्यांनी ‘लेझी शेव्ह’ नावाची पावडर लावली होती, तरी पडद्यावर गाल काळवंडलेलेच दिसले. इथे ‘खुंट आहेत’ म्हणणे चूक आणि ‘चेहरा स्वच्छ’ म्हणणेही अपुरे. नेमके वर्णन असे होईल: केस पृष्ठभागावर दिसत नाहीत, जबड्यावर आणि ओठांवर दाढीच्या जागेपुरती गडद झाक आहे. चित्रकाराने तेवढे वाचले तर तो ठिपके काढणार नाही, आणि गाल गोरापान रंगवणारही नाही.

यावर एक आक्षेप निघतो की एवढे कोण वाचणार. हरवलेल्या माणसाच्या वर्णनात रस्त्यावरच्या माणसाला एकच शब्द लागतो. आक्षेप अर्धा बरोबर आहे. वर्णन लांब असण्याची गरज नाही, पण शब्द निवडताना भाग पाहिलेले असावेत. ‘मिशी जाड, गाल साफ’ हे चार शब्द ‘दाढी-मिशी’पेक्षा फारसे लांब नाहीत, आणि फसवत तर मुळीच नाहीत. खुंटांचा उल्लेख मात्र तिथे फोटोच्या तारखेसह करावा, कारण आठवडाभरात तेच खुंट दोन-अडीच मिलिमीटरचे होतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. फोटोतला माणूस माहीत असेल, त्याचे दुसरे दहा फोटो उपलब्ध असतील, तर अंधुक फोटोतली त्रुटी ज्ञानाने का भरून काढू नये? कारण तसे केले की वाचणाऱ्याला फोटोने काय सांगितले आणि लिहिणाऱ्याने काय घातले हे वेगळे करता येत नाही. शिवाय माणसे दाढी ठेवतात, काढतात, पुन्हा ठेवतात. पुष्कळदा फोटोची तारीख ठरवायलाच दाढीचा आधार घेतला जातो. आधीच माहीत असलेली दाढी वर्णनात भरली, तर तारीख ठरवणारा स्वतःच्याच गृहीतकाला पुरावा समजेल. बाहेरची माहिती द्यायची तर जरूर द्यावी, पण वेगळ्या वाक्यात आणि कुठून घेतली ते सांगून.

आल्टशुलरच्या फोटोची नोंद या रीतीने करायची तर मी अशी करेन: ‘वरचा ओठ साफ, मिशी नाही. हनुवटीवर आखूड केस, ठळक. जबड्याच्या कडेने केस विरळ, कातडी दिसते. केसांचा खरा रंग या फोटोवरून ठरवता येत नाही. इतर नोंदींवरून: छायाचित्र २५ नोव्हेंबर १८६०, शिकागो, पुढील जानेवारी-फेब्रुवारीच्या फोटोंत दाढी याहून भरलेली.’ ठसा कोरणाऱ्याच्या हाती एवढ्या ओळी असत्या, तर मिशीची जागा त्याने मोकळी सोडली असती आणि गालावर हात आवरता घेतला असता.