जनगणना, चहा आणि एकच समीकरण

१९६१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे ४३.९ कोटी होती. १९७१ मध्ये ती ५४.८ कोटी झाली. एवढ्या दोनच आकड्यांवरून २०११ ची लोकसंख्या सांगता येईल का? पदवीच्या वर्गात विकलक समीकरणे, म्हणजेच डिफरन्शियल इक्वेशन्स, शिकवताना मी हा प्रश्न सुरुवातीला ठेवतो. उत्तर काढण्याची रीत सोपी आहे. पण ते कुठवर खरे ठरते आणि कुठे चुकते, हे पाहण्यात खरी गंमत आहे.

आपल्याला लोकसंख्या ठाऊक नाही. ती कशी बदलते याबद्दलचा एक अंदाज तेवढा आहे. माणसे जितकी जास्त, तितके जन्म जास्त आणि मृत्यूही जास्त. म्हणून दरवर्षी पडणारी भर ही त्या वेळच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असेल, असे धरू. P ही लोकसंख्या आणि t हा वर्षांत मोजलेला काळ घेतला, तर हा अंदाज असा लिहिता येतो:

dP/dt = kP

अडचण अशी, की P किती हे कळायला तिचा वेग हवा आणि वेग कळायला P हवी. या गुंत्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे ज्याचे त्याच्या घरी पाठवणे. P असलेले सगळे एका बाजूला, t असलेले सगळे दुसऱ्या बाजूला:

dP/P = k dt

इथे विद्यार्थी बिचकतात. dP/dt हा अपूर्णांक नाही असे आम्हीच सांगितलेले असते, आणि आता आम्हीच त्याचे दोन तुकडे करतो. पण ही हातचलाखी नाही. P चा वेग भागिले P म्हणजे ln P चा, P च्या नैसर्गिक लॉगॅरिथमचा, वेग. तेव्हा समीकरण एवढेच म्हणते, की ln P हा k या ठरावीक वेगाने वाढतो. ठरावीक वेगाने जाणारी गाडी कुठे पोचेल हे सांगायला फार गणित लागत नाही. दोन्ही बाजूंचे संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, केले की ln P = kt + C मिळते आणि त्यातून

P = A e^(kt)

इथे A म्हणजे सुरुवातीची लोकसंख्या. C हा स्थिरांक संकलनाच्या पायरीवरच लिहायला हवा. पुष्कळ विद्यार्थ्यांना तो शेवटी आठवतो आणि ते e^(kt) + C लिहून मोकळे होतात. ही चूक ओळखायची असेल, तर उत्तर मूळ समीकरणात घालून पाहावे. e^(kt) + C चा वेग k e^(kt) येतो. तो k गुणिले संपूर्ण P एवढा होत नाही. लॉगॅरिथममध्ये मिळवलेला स्थिरांक बाहेर येताना गुणक होऊन येतो, हे लक्षात असले की पुरे.

आता आकडे घालू. ५४.८ ला ४३.९ ने भागले की सुमारे १.२४८ येतात. त्याचा लॉगॅरिथम ०.२२२, आणि तो दहा वर्षांचा, म्हणून k वर्षाला ०.०२२२. या हिशेबाने १९९१ ची लोकसंख्या ८५.४ कोटी यायला हवी. जनगणनेत ती ८४.६ कोटी भरली. वीस आणि तीस वर्षांपूर्वीच्या दोन आकड्यांवरून इतके जवळ जाणे कमी नाही. पण २०११ साठी हेच सूत्र १३३ कोटी सांगते आणि प्रत्यक्षात मोजणी झाली १२१ कोटींची.

चुकले कुठे? संकलनात नाही, k कायम राहील या गृहीतकात. २००१ ते २०११ या दशकाचा k वेगळा काढला, तर तो वर्षाला ०.०१६३ च येतो. जन्मदर खाली आला, k उतरला. तरीही आपली रीत मोडत नाही. k काळानुसार बदलत असेल, तर तो k(t) झाला. तो t चा नातेवाईक, म्हणून dt च्या बाजूला जाऊन बसतो. P ची बाजू जशीच्या तशी राहते.

दुसरे उदाहरण चहाचे. गरम वस्तू किती वेगाने निवते, ते तिच्या आणि भोवतालच्या तापमानांतल्या फरकावर अवलंबून असते, हा न्यूटनचा नियम. १७०१ साली त्याने तो निनावी लेखात मांडला होता. चहाचे तापमान T आणि खोलीचे R धरले, तर

dT/dt = −k(T − R)

समजा खोली २८ अंशांवर आहे, चहा ८८ वर आणि पाच मिनिटांनी तो ७३ वर आला. फरक ६० चा ४५ झाला, म्हणजे पाऊणपट. पुढच्या पाच मिनिटांत तो पुन्हा पाऊणपट होईल, ४५ चा ३३.७५, चहा जवळपास ६२ अंशांवर येईल. पहिल्या पाच मिनिटांत १५ अंश उतरले, दुसऱ्या पाचांत सव्वाअकराच. k इथे मिनिटाला ०.०५७५ येतो आणि चहा ५० अंशांवर यायला साधारण साडेसतरा मिनिटे लागतात. समीकरण लोकसंख्येचेच आहे. P च्या जागी तापमानांतला फरक आला आणि चिन्ह उलटले, इतकेच.

पण चल वेगळे करताना आपण T − R ने भागले. तो फरक शून्य असेल तर? शून्याने भागता येत नाही, म्हणून ती शक्यता आपण नकळत टाकून दिली. चहा पहिल्यापासूनच २८ अंशांवर असेल, तर तो तिथेच राहील. हेही समीकरणाचे अगदी खरे उत्तर आहे. भागाकार करण्याआधी ‘हे शून्य कधी होते?’ असे विचारावे आणि मिळालेली उत्तरे बाजूला लिहून ठेवावीत.

आता तोच पेला सांजवेळी गच्चीवर ठेवा. हवाही हळूहळू थंड होते आहे, म्हणजे R आता R(t) झाला. k बदलला तेव्हा निभावले, तसे इथेही निभावेल असे वाटते. पण निभावत नाही. k(t) आणि P यांच्यात गुणाकार होता, म्हणून भागून त्यांना वेगळे करता आले. T आणि R(t) यांच्यात वजाबाकी आहे. भागून पाहा, T च्या बाजूला t अडकून राहतोच. हे समीकरण सुटते, पण ‘इंटिग्रेटिंग फॅक्टर’ या वेगळ्या रीतीने. म्हणून कसोटी एकच: उजवी बाजू ‘केवळ t चे काही’ गुणिले ‘केवळ अज्ञाताचे काही’ अशी लिहिता येते का? येत असेल तरच चल वेगळे होतात.

आणि नियम प्रत्यक्ष चहाला लागू पडतो का, हे तपासायला घरातला थर्मामीटर पुरतो. मात्र तो नव्वद अंशांपर्यंत चालणारा हवा, तापाचा नव्हे. दर पाच मिनिटांनी तापमान टिपावे आणि आधीच्या फरकाशी नव्या फरकाचे गुणोत्तर काढावे. ते कायम राहिले, तर न्यूटन बरोबर. उघड्या पेल्यात सुरुवातीला फरक अपेक्षेपेक्षा झपाट्याने घटतो, कारण वाफही उष्णता घेऊन जाते आणि समीकरणात तिला जागाच नाही. पेल्यावर बशी झाकून पुन्हा मोजले, की गुणोत्तर बरेच स्थिरावते.