‘वेल्डिंग’ म्हणतात, पण ते वेल्डिंग नव्हे

एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये तीन सुती नळीचा जोड गळू लागला, की मेकॅनिक म्हणतो, “वेल्डिंग मारावं लागेल.” प्रत्यक्षात तो करतो ते ब्रेझिंग.

वेल्डिंगमध्ये जोडायचा धातूच वितळवून एकजीव करतात. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. ते उष्णता झपाट्याने पसरवतं, म्हणून आच जबर लावावी लागते. पण नळीची भिंत जेमतेम मिलिमीटरभराची, त्यामुळे जोड जुळण्याआधीच भोक पडायची भीती. सोल्डरिंग, म्हणजे डाख देणं, सोपं असतं. कथलाचा डाख सव्वादोनशे अंशांच्या आसपास वितळतो. पाण्याच्या नळीला तो चालतो. पण कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी चांगलीच तापते, सतत थरथरते, शिवाय आजच्या एसीत उन्हाळ्यात दाब चारशे पीएसआयच्या घरात जातो. अशा जागी मऊ डाख हळूहळू ताणला जातो आणि शेवटी चिरतो.

ब्रेझिंग या दोन्हींच्या मधलं. ४५० अंशांच्या वर वितळणारी, पण तांब्याच्या आधी पाघळणारी कांडी वापरायची. तांब्याला तांबं जोडताना तांबं-फॉस्फरसची कांडी पुरते, वेगळा फ्लक्स लागत नाही. जोडात लोखंड असेल तर मात्र ती चालत नाही, जोड ठिसूळ होतो. तिथे चांदीची कांडी आणि फ्लक्स हवा.

आता आपला जोड. आधी गॅस पूर्ण काढून घ्यायचा, कारण उरलेला गॅस ज्वाळेत विषारी वायू बनवतो. नळी कटरने कापून, कडा साफ करून, एकात एक नीट बसवायची. दोन्हींमधली फट केसाएवढीच हवी, कारण जोडाला ताकद बाहेर साचलेल्या ढिगाने नव्हे, तर त्या फटीत शिरलेल्या पातळ थराने येते. ज्वाळा कांडीवर धरायची नाही. नळी सगळीकडून फिरवून मंद लाल होईपर्यंत तापवायची आणि मग कांडी नुसती टेकवायची. नळीच्याच उष्णतेने ती वितळते आणि फटीत ओढली जाते. नळी थंड असली तर कांडीचे गोळे वरच बसतात. असा जोड दिसायला जाडजूड, आतून पोकळ.

सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती नायट्रोजनची. तापलेल्या तांब्याला आतून हवा मिळाली, की काळी खपली धरते. ती पुढे सुटते आणि कॅपिलरीच्या बारीक नळीत अडकते. म्हणून तापवताना नायट्रोजन अगदी हलका सोडत राहायचा आणि दुसरं टोक उघडं ठेवायचं, नाहीतर आत साठलेला दाब वितळलेल्या धातूतून बाहेर फुटतो. जोड थंड झाल्यावर नायट्रोजनचाच दाब भरून वर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला, तर जोड परत करायचा.

साबणाने गळती कळते, आतली काजळी नाही. ती पाहायची तर कापून काढलेल्या जुन्या जोडाच्या आत डोकवा. तांबं लखलखीत असेल, तर आधीच्या मेकॅनिकने नायट्रोजन सोडला होता.