मधला मजला काढल्यावर खांबाचं काय होतं?

जुन्या वाड्याची दुरुस्ती करताना हल्ली एक मोह हमखास होतो. दिवाणखान्यावरचा मजला काढायचा आणि थेट दुमजली उंचीची ऐसपैस खोली करायची. मालकाचं म्हणणं वरवर बिनतोड असतं. मजला गेला म्हणजे त्याचं ओझं गेलं, मग खांबाला उलट आरामच मिळणार! खांब सागाचा आहे, सहा इंची आहे, आणि वर अजून एक मजला आणि छप्पर आहे, एवढंच तो पाहतो. तुळया आणि कडीपाट खांबाला मध्यावर बाजूने धरून ठेवत होते, ही गोष्ट मात्र त्याच्या हिशेबात नसते.

लाकडाचा खांब दोन तऱ्हांनी हार मानतो. आखूड आणि जाड असेल तर तंतू चिरडतात. उंच आणि बारीक असेल तर चिरडण्याआधीच तो बाजूला वाकतो. या दुसऱ्या प्रकाराला इंजिनिअर बकलिंग म्हणतात. लायडनच्या पीटर फान मुशेनब्रुक याने १७२९ मध्ये लाकडी काठ्यांवर प्रयोग करून दाखवलं, की वाकायला लागणारं ओझं लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. म्हणजे लांबी दुप्पट, तर ताकद एक-चतुर्थांश. पुढे १७४४ मध्ये ऑयलरने त्याला गणिती सूत्र दिलं. या सूत्रात लाकडाच्या चिरडण्याच्या ताकदीला जागाच नाही. आहे तो फक्त त्याचा ताठपणा.

खांब कोणत्या तऱ्हेचा, हे ओळखायला भारतीय मानक आय.एस. ८८३ एक सोपा भागाकार करायला सांगतं. बाजूचा आधार नसलेली लांबी भागिले खांबाची सर्वांत अरुंद बाजू. हाच लाकडी खांबाचा स्लेंडरनेस रेशो. तो ११ पर्यंत असेल तर खांब आखूड, आणि लाकडाचा पूर्ण परवानगीचा दाब वापरता येतो. ५० च्या वर गेला तर तो खांब म्हणून वापरायचाच नाही. मधल्या टप्प्यात आधी दाब हळूहळू कमी करायचा आणि एका मर्यादेनंतर ऑयलरच्या वाटेने जायचं. मानकातल्या ‘ब’ गटाच्या, घरात कोरड्या राहणाऱ्या चांगल्या लाकडासाठी पूर्ण दाब चौरस मिलिमीटरला ७.८ न्यूटन, ताठपणा ९८०० न्यूटन, आणि ती मर्यादा साधारण २५ येते.

आता वाड्यातला खांब घेऊ. १५० मिलिमीटर चौरस, जोत्यापासून वरपर्यंत एकसंध, आणि दर तीन मीटरवर मजला. रेशो आला २०. परवानगीचा दाब ६.७, म्हणजे खांब सुमारे १५ टन पेलणार. मजला काढला की आधाराविना लांबी सहा मीटर, रेशो ४०. दाब एकदम २.० वर येतो आणि पेलायची मर्यादा उरते साडेचार टन. समजा खांबावर आधी ९ टन ओझं होतं आणि मजल्यासोबत त्यातलं ३ टन गेलं. उरलेलं ६ टन आता जास्त झालं!

यानंतर खांब दुसऱ्या दिवशी कोसळत नाही, आणि खरी फसगत इथेच आहे. मानकाच्या सूत्रात अडीच पटीचं सुरक्षेचं अंतर धरलेलं असतं. ते या खांबात दोनपटीच्याही खाली येतं. पण सूत्रातला खांब सरळसोट असतो, वाड्यातला नसतो. कायमच्या ओझ्याखाली लाकूड वर्षानुवर्षं सरकत राहतं, आणि असलेला बाक त्यामुळे वाढत जातो. वरपासून खालपर्यंत ताणून दोरी धरली आणि मधलं अंतर टिपून ठेवलं, तर काही महिन्यांनी फरक कळतो.

सहा मीटर लांबी पूर्णच धरायची का? खांबाची टोकं घट्ट जखडलेली असतील तर हिशेबाला आखूड लांबी, म्हणजे इफेक्टिव्ह लेंग्थ, घेता येते. कागदावर दोन्ही टोकं पक्की जखडली तर ती निम्मी होते. पण तळखड्यावर नुसता टेकलेला, वर कुसवाने बसवलेला खांब जखडलेला मानणं धाडसाचं आहे. कुसू सैल होतं, लाकूड आकसतं, बुडाशी ओल असते. अशा ठिकाणी पूर्ण लांबी धरणंच शहाणपणाचं.

उपाय मात्र फारसे महाग नाहीत. मध्यावर दोन्ही दिशांनी एकेक तुळई भिंतीला पक्की बांधून ठेवली, की रेशो पुन्हा २० वर येतो. तुळई एकाच दिशेला असेल, तर खांब दुसऱ्या दिशेला वाकायला मोकळाच राहतो. तुळई नकोच असेल, तर २०० मिलिमीटर चौरस खांब लागेल. तो सहा मीटर उंचीवरही १४ टनांहून थोडं जास्त पेलतो.