आघाडीचे आकडे, पिछाडीचे आकडे

८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोन्ती येथे विश्वचषक फुटबॉलचा उपांत्य सामना झाला. निकाल काढून टाकून त्याचे आकडे कोणासमोर ठेवले, तर तो काय म्हणेल? एका संघाने गोलच्या दिशेने १८ फटके मारले, दुसऱ्याने १४. चेंडूचा ताबाही पहिल्याकडे थोडा अधिक. वाचणारा म्हणेल, पहिला संघ वरचढ होता. तो पहिला संघ म्हणजे ब्राझील, आणि सामना जर्मनीने ७-१ असा जिंकला.

आकडे खोटे नाहीत. पण जर्मनीचा पहिला गोल अकराव्या मिनिटाला झाला आणि पाचवा एकोणतिसाव्या. म्हणजे उरलेला तासभर ब्राझील किमान पाच गोलांनी मागे होता. या काळात ब्राझील चाल करून जात राहिला आणि जर्मनीला घाई उरली नव्हती. उत्तरार्धाच्या सुरुवातीला ऑस्कर आणि पॉलिन्हो यांचे फटके गोलरक्षक नॉयरने अडवले. तेही त्या १८ मध्ये मोजले गेले. सामन्याचा निकाल अर्ध्या तासात लागला, पण बेरीज मात्र नव्वद मिनिटांची झाली.

आघाडीवरचा संघ मागे का सरकतो, याचे उत्तर गुणांच्या हिशेबात आहे. साखळी सामन्यात विजयाला ३ गुण, बरोबरीला १. शेवटची दहा मिनिटे उरली आहेत आणि तुम्ही एका गोलने पुढे आहात. आणखी एक गोल केलात, तर गुण वाढत नाहीत. एक खाल्लात, तर दोन जातात. समोरच्याचे उलट आहे. त्याने आणखी एक गोल खाल्ला तरी गुणांत फरक नाही, केला तर एक मिळतो. म्हणून एक जण दार लावून बसतो आणि दुसरा दार ठोठावत राहतो. ठोठावण्याचे आवाज मोजून कोण बलवान, हे कळत नाही.

यावर उपाय लोकसंख्याशास्त्रात जुना आहे. केरळचा ढोबळ मृत्युदर बिहारपेक्षा जास्त दिसतो, कारण केरळात वृद्धांचे प्रमाण अधिक आहे. म्हणून अभ्यासक वयोगटवार दर काढतात आणि दोन्ही राज्यांना एकच वयोरचना लावून तुलना करतात. मी वयोगटांच्या जागी सामन्याची स्थिती घेतो : आघाडी, बरोबरी, पिछाडी.

समजावण्यापुरते दोन काल्पनिक संघ घेऊ. प्रत्येक स्थितीत दोन्ही बाजूंनी मिळून मारलेल्या दर शंभर फटक्यांत आपल्या संघाचे किती, हा त्याचा वाटा. ‘अ’ संघाचा वाटा आघाडीवर ४८, बरोबरीत ५४ आणि पिछाडीवर ६०. ‘ब’ संघाचा अनुक्रमे ४४, ४८ आणि ५४. तिन्ही स्थितींत ‘अ’ सरस आहे. पण ‘अ’च्या सामन्यांतले ५० टक्के फटके तो पुढे असताना, ४० टक्के बरोबरीत आणि १० टक्के मागे असताना पडले. ‘ब’चे प्रमाण उलटे : १०, ४० आणि ५०. सरसकट वाटा काढला, तर ‘अ’ ५१.६ आणि ‘ब’ ५०.६. जवळजवळ सारखेच!

आता दोघांनाही एकच मिश्रण लावू : आघाडी ३०, बरोबरी ४०, पिछाडी ३०. ‘अ’चा वाटा ५४ होतो, ‘ब’चा ४८.६. एका टक्क्याचे अंतर साडेपाचच्या घरात गेले. ‘ब’चे पदाधिकारी सरसकट आकडा पाहून नुसते नशिबाला दोष देत बसले असते; दुरुस्त आकडा सांगतो की संघच कमी पडतो आहे.

या दुरुस्तीला मर्यादा आहेत. बलाढ्य संघ क्वचितच मागे पडतो, त्यामुळे त्याचा पिछाडीचा आकडा मोजक्या फटक्यांवर उभा असतो. तिथे दोन-चार फटके इकडेतिकडे झाले तरी वाटा हलतो. अशा वेळी मी त्या स्थितीचे किती फटके हाती आहेत ते आधी पाहतो आणि ते कमी असतील, तर बरोबरीच्या काळातला आकडाच अधिक विश्वासाचा मानतो.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. आघाडीचा परिणाम किती, हे पाहण्यासाठी साऱ्या संघांची एकत्र सरासरी काढली, तर फसगत होते. आघाडीवर बहुधा चांगलेच संघ असतात. मागे सरकूनही त्यांचे फटके बरे दिसतात आणि परिणाम आहे त्याहून लहान भासतो. म्हणून तुलना त्याच संघाची त्याच्याशीच करावी : पुढे असतानाचा तो आणि बरोबरीत असतानाचा तो.

शिवाय सगळे फटके सारखे नसतात. मागे पडलेला संघ गर्दीतून, लांबून मारतो. पुढचा संघ मोकळ्या मैदानात प्रतिहल्ला करून थोडे पण जवळून मारतो. नुसती संख्या दुरुस्त करून हा फरक भरून निघत नाही. त्यासाठी प्रत्येक फटका कुठून मारला, तेही स्थितीनुसार वेगळे नोंदवावे लागते. तेव्हा पुढच्या वेळी ‘फटके १८-१४’ असे वाचाल, तेव्हा आधी विचारा : त्यातले किती फटके धावफलक बरोबरीत असताना पडले?