फॉलोअर सहा हजार, पत्ते किती?

नाशिकमधला एक आर्थिक नियोजनकार डोळ्यांसमोर आणा. सेबीकडे रीतसर नोंदणी केलेला, कमिशन न घेता फी घेऊन सल्ला देणारा. इन्स्टाग्रामवर त्याचे सहा हजार फॉलोअर आहेत. दर दोन-तीन दिवसांनी तो एक रील टाकतो, खाली ‘खूप छान माहिती सर’ अशा कॉमेंट येतात आणि वर्षाअखेरीस हिशेब मांडला तर या गर्दीतून फी भरून आलेली कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नसतात. माणूस काल्पनिक आहे, अडचण मात्र या धंद्यात घरोघरची आहे.

पैशाचा निर्णय रील बघता बघता कुणी घेत नाही. त्याला निमित्त लागतं. पगारवाढ होते, घर विकलं जातं, वडील जातात, मुलगी बारावीला येते. ते निमित्त घडेल त्या आठवड्यात आपलं नाव त्या माणसासमोर असायला हवं. पण रील कुणाला दाखवायचं हे ठरवतं इन्स्टाग्राम. फॉलोअरची यादी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. जून २०२० च्या अखेरीस सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तिथे लाखोंचा प्रेक्षक जमवलेल्यांच्या हाती त्यातल्या एकाचाही पत्ता राहिला नाही. ईमेलची यादी मात्र एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे सहज हलवता येते.

मराठी वाचक इथे लगेच विचारेल, आजकाल ईमेल वाचतं कोण? सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर. खरं आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ब्रॉडकास्टला २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. शिवाय नियोजनकाराला हवा असलेला माणूस ईमेल उघडतोच, कारण त्याची बँक स्टेटमेंटं, फॉर्म १६, म्युच्युअल फंडाची एकत्रित स्टेटमेंटं तिथेच येतात. पैशाचे कागद जिथे येतात, तिथेच पैशाबद्दलचं पत्र यावं.

तर पत्ता मिळवायचा, आणि त्याच्या बदल्यात काहीतरी द्यायचं. मोफत चेकलिस्ट ही त्यातली सर्वात स्वस्त आणि माझ्या मते सर्वात प्रामाणिक वस्तू. सगळा खेळ ती कशाबद्दल आहे यावर ठरतो. ‘श्रीमंत होण्याच्या पंचवीस पायऱ्या’ ठेवलं तर पत्ते भराभर येतील, पण ते येतील कॉलेजच्या मुलांचे, शेअरच्या टिप शोधणाऱ्यांचे आणि इतर एजंटांचे. आपल्या नियोजनकाराला चाळिशी-पन्नाशीतली, तीन-चार बँकांत खाती आणि दोन-तीन जुन्या विमा पॉलिस्या असलेली कुटुंबं हवी आहेत. म्हणून त्याने विषय निवडला: ‘तुमच्यामागे घरच्यांना काय सापडेल? नॉमिनेशनची चेकलिस्ट’. बावीस वर्षांचा मुलगा यावर थांबणार नाही, आणि त्याने थांबू नये हीच अपेक्षा आहे.

ही चेकलिस्ट ए-फोरच्या दोन पानांची आहे. प्रत्येक ओळीत एक मालमत्ता आणि पुढे चार रकाने: कुठे आहे, कुणाच्या नावावर, नॉमिनी कोण, शेवटचं कधी तपासलं. बँक खाती, मुदत ठेवी, लॉकर, पोस्ट, म्युच्युअल फंड, डिमॅट, विमा, पीएफ, पीपीएफ, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. खाली ठळक सूचना, की या कागदावर पासवर्ड आणि पिन लिहू नका. एवढंच असतं तर तो नुसता फॉर्म झाला असता. लोक तो जपून ठेवतात ते ओळींखालच्या बारीक टिपांमुळे. बँकेच्या ओळीखाली लिहिलंय, की १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. पीएफच्या ओळीखाली, की योजनेच्या व्याख्येतलं कुटुंब नसताना केलेलं नॉमिनेशन पुढे कुटुंब झालं की आपोआप रद्द ठरतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एचआरने भरून घेतलेला फॉर्म वीस वर्षांत पुन्हा न पाहिलेले कितीतरी जण या ओळीवर दचकतात. जुन्या, विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलचा उल्लेख आहे.

शेवटची ओळ वेगळी आहे: ‘इच्छापत्र केलं आहे का? त्यातली नावं आणि वरच्या नॉमिनींची नावं जुळतात का?’ शेअर्सच्या बाबतीत नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क त्याने संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. विम्यात पती-पत्नी, मुलं, आई-वडील नॉमिनी असतील तर पुन्हा नियम वेगळा. आधीच्या बहुतेक ओळी एका संध्याकाळी घरच्या घरी भरून होतात आणि माणसाला काम उरकल्याचं समाधान मिळतं. या ओळीवर तो अडतो. चांगल्या चेकलिस्टमध्ये अशी एक खरी अडचण असावीच, कारण प्रश्न तिथून सुरू होतात. पण अशी दहा कोडी घातली तर कागद ड्रॉवरमध्ये जातो आणि सोबत आपलं नावही.

पीडीएफ युनिकोड फॉन्टमध्ये बनवावी आणि बनवताना फॉन्ट त्यातच बसवावा. नाहीतर काही फोनवर जोडाक्षरं तुटतात. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर नीट दिसावी, कारण ती आई-वडिलांसाठी छापली जाणार. आणि ती घरच्या ग्रुपवर पत्ता न देता फिरणारच. त्याला अडवण्यात वेळ घालवू नये. तळाला नाव, सेबी नोंदणी क्रमांक आणि नवी प्रत मागवण्याची लिंक असली की पुरे.

आता फॉलोअरला तिथवर आणायचं. इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही, म्हणून ती प्रोफाइलमध्ये आणि स्टोरीवरच्या लिंक स्टिकरमध्ये ठेवावी लागते. रील चेकलिस्टमधल्या एकाच ओळीवर करावं. उदाहरणार्थ, ‘लग्नाआधीचं पीएफ नॉमिनेशन अजून तसंच आहे?’ आणि शेवटी, ‘अशा सगळ्या ओळींची यादी प्रोफाइलमधल्या लिंकवर.’ चेकलिस्टची नुसती जाहिरात करणाऱ्या रीलपेक्षा असं रील चांगलं, कारण बघणाऱ्याला आत काय असेल याचा मासला मिळतो.

लिंकवर उघडणाऱ्या पानावर दोनच रकाने हवेत, नाव आणि ईमेल. मोबाइल नंबर मागितला की लोकांना विम्याचे फोन आठवतात आणि ते पान बंद करतात किंवा खोटा नंबर टाकतात. खाली न टिचकवलेला एक चौकोन: ‘मला दर पंधरा दिवसांनी आर्थिक नियोजनावरचं पत्र पाठवा.’ तो आधीच टिचकवून ठेवणं चुकीचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमती स्पष्ट कृतीतून आणि बिनशर्त दिलेली असावी असं सांगतो, आणि ती दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. म्हणून ज्याने चौकोन रिकामा ठेवला त्यालाही चेकलिस्ट द्यावी. यादी थोडी हळू वाढेल, पण त्यात वाचायला तयार असलेलीच माणसं येतील.

फॉर्म भरल्यावर एक मेल जातो: ‘हा पत्ता तुमचाच ना? इथे दाबा.’ दाबल्यावर चेकलिस्टची लिंक मिळते. या पायरीवर काही जण गळतात, म्हणून बरेच जण ती टाळतात. मी टाळणार नाही, कारण चुकीचे टाइप केलेले पत्ते इथेच गाळले जातात.

आता समजा, एका स्टोरीला पाचशे जणांनी पाहिलं, चाळीस जणांनी लिंक दाबली, चोवीस जणांनी फॉर्म भरला, वीस जणांनी पत्ता पक्का केला. आकडे समजण्यापुरते आहेत. बघायचं ते गळती कुठे होते. पाचशेतून पाचच जणांनी दाबली, तर रील आणि चेकलिस्टचा विषय जुळत नाहीये. चाळीस जण आले आणि चौघांनीच भरलं, तर पान लांबलचक आहे किंवा जास्त काही मागतंय. चोवीस जणांनी भरलं आणि सहाच पक्के झाले, तर मेल स्पॅममध्ये चाललाय, याची जवळजवळ खात्री धरा.

ते कारण बहुधा एकच असतं. नियोजनकार मेल पाठवणाऱ्या सेवेत स्वतःचा जीमेलचा पत्ता टाकतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जीमेलच्या नावाने आलेलं पत्र संशयास्पद ठरतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी याबाबत आणखी कडक झाले. उपाय म्हणजे स्वतःचं डोमेन घ्यायचं, त्यावरचा पत्ता वापरायचा आणि डोमेनच्या सेटिंगमध्ये SPF, DKIM, DMARC या तीन नोंदी करून घ्यायच्या. वेबसाइट सांभाळणारा कोणीही हे एका बैठकीत करून देतो.

चेकलिस्ट हातात पडली की बहुतेक याद्या इथे मरतात. महिनाभर काही जात नाही आणि मग अचानक ‘मर्यादित जागा, आजच नोंदणी करा’. तोवर हा माणूस कोण, हेच वाचणारा विसरलेला असतो. आपल्या नियोजनकाराने तीन पत्रं आधीच लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी जाणाऱ्या पत्रात जोडखातं आणि नॉमिनी यांतला फरक, कारण ‘बायकोचं नाव आहे’ म्हणताना या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. पाचव्या दिवशी एका ओळीचा प्रश्न: ‘कोणत्या ओळीवर अडलात? उत्तर याच मेलला द्या, मी वाचतो.’ दहाव्या दिवशी इच्छापत्राच्या ओळीचं सविस्तर उत्तर आणि शेवटी साधं वाक्य, की सगळं एकत्र तपासून हवं असेल तर फी इतकी, भेट अशी ठरवा. त्यानंतर दर पंधरवड्याला ठरलेल्या वारी एक पत्र.

यातलं पाचव्या दिवसाचं पत्र सर्वात मोलाचं. मेल किती जणांनी उघडला या आकड्यावर २०२१ पासून भरवसा उरलेला नाही. अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप वाचणाऱ्याने न उघडताही मेल उघडल्याची नोंद करू शकतं. उत्तर मात्र खोटं येत नाही. शिवाय ‘सासऱ्यांच्या लॉकरला नॉमिनीच नाही’ असं तीन जणांनी लिहिलं, की पुढच्या रीलचा विषय आपोआप मिळतो.

नोंदणीकृत सल्लागाराने एक ध्यानात ठेवावं. सेबीच्या जाहिरात नियमांत ईमेल आणि सोशल मीडिया दोन्ही येतात, म्हणून चेकलिस्टवर आणि पत्रांवर नोंदणी क्रमांक आणि ठरवून दिलेला इशारा हवा. परताव्याची हमी तर नकोच, आणि ‘डाउनलोड करा, लकी ड्रॉमध्ये भेटवस्तू जिंका’ असल्या बक्षिसाच्या योजनाही चालत नाहीत.

सहा महिन्यांनी एकदा यादी झाडावी. इतक्या दिवसांत ज्यांनी एकही लिंक दाबली नाही की उत्तर दिलं नाही, त्यांना विचारावं, ‘पत्र सुरू ठेवू का?’ आणि गप्प राहिलेल्यांना काढून टाकावं. चारशेची यादी तीनशेवर येते तेव्हा जीव हळहळतो. पण न वाचणारे पत्ते राहिले की जीमेल वाचणाऱ्यांचीही पत्रं मागे ढकलायला लागतो. काढल्यानंतर चेकलिस्ट पुन्हा उघडावी आणि तारखा बघाव्यात. नॉमिनेशनचे नियम गेल्या दोन-तीन वर्षांत इतके बदललेत, की दोन वर्षांपूर्वीची प्रत आज कुणाला पाठवली तर ती चुकीचा सल्ला ठरेल.