कामाचा रतीब

वेबसाइट बनवून दिली, साठ हजारांचं बिल मिळालं, काम संपलं, असं फ्रीलान्स डिझायनरला वाटतं. आठवड्याभरात दुकानदाराचा मेसेज येतो, "ताई, जरा दोन फोटो बदलता का?" मग नवे भाव टाकायचे असतात, मग गणपतीच्या सवलतीचा बॅनर. या 'जरा'चे पैसे कसे मागायचे ते कळत नाही आणि ते काम फुकटात जातं.

मासिक कराराची, म्हणजे रिटेनरची, बोलणी याच मेसेजपासून सुरू करावीत. गेल्या सहा महिन्यांचं व्हॉट्सॲप उघडा आणि प्रत्येक कामाला लागलेला वेळ लिहून काढा. समजा, एका साडीच्या दुकानाचा मे ते ऑक्टोबरचा हिशोब ५, ६, ७, ५, ८ आणि दिवाळीमुळे ११ तास असा निघाला. एकूण ४२ तास, महिन्याला सरासरी सात. मग प्रस्ताव आठ तासांचा द्यावा.

दर आपल्या खर्चावरून काढायचा. घरखर्च, बचत आणि व्यवसायाचा खर्च मिळून महिन्याला ७५ हजार लागतात असं धरू. महिनाभर राबूनही बिल लावता येतील असे तास शंभरच्या आसपासच भरतात. बाकीचे फोन, भेटी आणि वसुलीत जातात. म्हणजे तासाला ७५० रुपये, आणि आठ तासांचे सहा हजार. केवळ काम कायमचं मिळतंय म्हणून हा दर निम्म्यावर आणू नये. तुमचा खर्च त्यामुळे निम्मा होत नाही.

कामाची व्याप्ती मात्र नेमकी लिहावी. फोटो, भाव, बॅनर, बॅकअप हे आठ तासांत. नवं पान किंवा ऑनलाइन पेमेंट जोडणं हे वेगळं काम, त्याचं वेगळं कोटेशन. 'लागतील तेवढे बदल' असं कधीही लिहू नये, करार तिथेच बुडतो. उरलेले तास, फार तर तीन, फक्त पुढच्या महिन्यात वापरता येतील असं ठरवावं. वरच्या हिशोबात ऑगस्टचे तीन सप्टेंबरला मिळतात, सप्टेंबरचे तीन उरून ऑक्टोबरला जातात आणि दिवाळीचे ११ तास जादा पैशांशिवाय बसतात. दुकानदाराला हे गणित दाखवा; रक्कम कशासाठी आहे ते त्याला तेव्हा पटतं.

पैसे पाच तारखेच्या आत, आगाऊ. पहिले तीन महिने चाचणीचे, पुढे कुणालाही थांबायचं असेल तर महिनाभर आधी सांगायचं. महिनाअखेरीस कोणत्या कामाला किती वेळ गेला याचा छोटा तक्ता न चुकता पाठवावा. हा तक्ता नसला की शांत महिन्यात दुकानदाराला वाटतं, आपण उगाच पैसे देतोय.

तक्त्यात सलग दोन महिने निम्मे तास पडून दिसले, तर त्याने विचारण्याआधी तुम्हीच फोन करा आणि करार पाच तासांवर आणा.